‘गोल्टी’ कोशात का घेतला : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया :
“तुमचा ‘गोल्टी’वरचा लेख वाचला. चार अडाणी हमालांच्या तोंडचा शब्द कोशात जाणार, हे ठरवलं कोणी? मी चाळीस वर्षं नाशकात राहतो, कॉलेज रोडला, हा शब्द कधी कानावर आला नाही. मराठी साहित्यातही वाचलेला नाही. उद्या ‘सेल्फी’लाही मराठी म्हणाल. आणि पिंपळगाव बसवंत दिंडोरी तालुक्यात नाही, निफाडमध्ये आहे. एवढं तरी तपासा. – एक मराठीप्रेमी”

उत्तर :

नमस्कार. ‘गोल्टी’ म्हणजे कांद्याच्या बाजारात मोठ्या मालापासून वेगळा काढलेला लहान कांदा. मी ज्या कोशाचं काम करतो त्यात हा शब्द घेतला, त्यावरच तो लेख होता. पिंपळगावबद्दल तुमचं बरोबर आहे. ते निफाड तालुक्यातच आहे, चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो. त्यातला ‘अडाणी’ मला लागला, हे लपवत नाही. माझे वडील लासलगावच्या बाजारात मापारी होते. काट्यावर उभं राहून वजन पुकारायचं आणि वहीत मांडायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांचे सोबती हमाल, निवडणीला येणाऱ्या बायका, ट्रॅक्टर घेऊन पहाटेपासून रांगेत थांबलेले शेतकरी, यांच्यात मी लहानाचा मोठा झालो. पोळ, रांगडा, उन्हाळ ही कांद्याची हंगामांवरून पडलेली नावं मला तिथे मिळाली, शाळेच्या पुस्तकात नाही. नजरेने ट्रॉली पाहून मालाची प्रत सांगणाऱ्या माणसाला अडाणी म्हणायचं असेल तर तुमचा आणि माझा ‘अडाणी’चा अर्थच वेगळा आहे, आणि अर्थ हे माझं रोजचं काम आहे.

तुम्ही ‘चार’ म्हणालात. तोंडं चार की चाळीस, हे मी नुसतं मोजत बसत नाही. कोशाच्या कामात एक चिठ्ठी म्हणजे एक पुरावा. तिच्यावर शब्द असतो, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य जसंच्या तसं असतं, ठिकाण, तारीख आणि बोलणारा कोणत्या कामातला तेही असतं. छापील असेल तर पान. वाक्य नसलेली चिठ्ठी मी पेटीत टाकत नाही, कारण सुटा शब्द कोणताही अर्थ अंगावर घेतो. ‘गोल्टी’च्या माझ्याकडे सतरा चिठ्ठ्या आहेत, सहा वर्षांत जमलेल्या. लासलगाव आणि पिंपळगावच्या आहेत, तशा उमराणे आणि येवल्याच्याही आहेत. बोलणाऱ्यांत शेतकरी, व्यापारी, अडते आणि निवडणीच्या बायका आहेत. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या बाजारांतली, एकाच व्यवहाराच्या दोन बाजूंना उभी असलेली माणसं एक शब्द एकाच अर्थाने वापरतात, तेव्हा तो शब्द कोणा एकाच्या लहरीतून आलेला नसतो. मी पाहतो ते हे. सतरा हा आकडा त्यामानाने गौण आहे.

गौण का, ते याच शब्दाच्या बाबतीत मला एकदा चांगलंच कळलं. काही वर्षांपूर्वी माझ्या पेटीत ‘गोल्डी’च्या तीन चिठ्ठ्या आल्या, तिन्ही वेगवेगळ्या छापील बातम्यांमधल्या. तीन ठिकाणी छापलेला शब्द म्हणून मी वेगळी नोंद लिहायला घेतली. ‘गोल्टीचे पर्यायी रूप’ असा मजकूरही तयार झाला. मग तिन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचल्या. आवक तीच, किमान, कमाल आणि सरासरी भाव तेच, एका वाक्यातला क्रियापदाचा घोळही तिन्हींत तोच. एकाच ठिकाणाहून आलेला मजकूर तिघांनी उतरवून घेतला होता आणि मुळातच ‘टी’ची ‘डी’ झाली होती. तीन चिठ्ठ्या दिसत होत्या, पुरावा एकच होता आणि तोही टंकणाऱ्याच्या चुकीचा. बाजारात विचारलं, तर ‘गोल्डी’ म्हणणारा एक माणूस भेटला नाही. नोंद फाडून टाकली.

हे मोठ्या मोठ्या कोशांतही घडतं. अमेरिकेत १९३४ साली निघालेल्या वेबस्टरच्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ नावाचा एक शब्द छापला गेला, अर्थ दिला घनता. मुळात ती चिठ्ठी संक्षेपाची होती : घनतेसाठी मोठं ‘डी’ किंवा छोटं ‘डी’ वापरतात, एवढंच तिच्यावर होतं. मधला ‘किंवा’ अर्थाचा इंग्रजी ‘ऑर’ दोन्ही बाजूंच्या अक्षरांना चिकटवून कोणीतरी तो अखंड शब्द म्हणून वाचला. पाच वर्षांनी एका संपादकाच्या लक्षात आलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही, आणि शोध सुरू झाला. १९४७ साली तो शब्द काढला. तो आत शिरला होता सुशिक्षितांच्या टेबलावरून. कोणाही माणसाने तो कधी वापरलेला नव्हता. म्हणून मला वाक्य लागतं. जिवंत माणसाच्या तोंडचं वाक्य असलं की असला शब्द आत येताना अडकतो.

आणि तुमच्या त्या ‘अडाणी’ लोकांनी माझी नोंद कशी सुधारली, तेही सांगतो. पहिल्या मसुद्यात मी अर्थ लिहिला होता : ‘लहान, कच्चा कांदा’. भाव कमी मिळतो म्हणजे माल कच्चा असेल, असं मी टेबलाशी बसून ठरवलं होतं. एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवडणी चालली होती, तिथे मसुदा वाचून दाखवला. एका मावशींनी ढिगातून एक कांदा उचलला, अंगठ्याने वरची साल सरकवली आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, “कच्ची कशाला म्हणतो भाऊ? मान बघ, पूर्ण वाळलीय. नुसती वाढली नाही ती.” कांदा घट्ट होता, मान बारीक होऊन मिटलेली होती, सालीला रंग पक्का होता. फक्त मुठीत सहज मिटेल एवढा. तो कांदा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. ‘कच्चा’ मी तिथल्या तिथे खोडला.

घरी येऊन चिठ्ठ्या पुन्हा लावल्या, तर मावशींचं म्हणणं त्यांतूनही निघत होतं. एका चिठ्ठीत ‘लाल गोल्टी’ आहे, एकीत ‘उन्हाळ गोल्टी’. लाल आणि उन्हाळ हे वेगवेगळ्या हंगामांचे कांदे. ‘गोल्टी’ दोघांच्याही मागे लागते, म्हणजे ती कांद्याची जात नाही, हंगामही नाही. आणखी एक वाक्य आहे : “गोल्टी बाजूला टाक, मोठ्यात जाऊ देऊ नको.” म्हणजे ‘मोठ्या’ची जोडी तिच्याशी आहे, ‘चांगल्या’ची नाही. खराब मालाला बाजारात ‘खाद’ म्हणतात, आणि गोल्टी निवडली जाते ती खाद काढून झाल्यावर उरलेल्या धड मालातून. अशा शेजारच्या शब्दांवरून अर्थाच्या सीमा कळतात. शेवटी नोंद उतरली ती अशी :

‘गोल्टी – स्त्री. (नाशिक, कांदा व्यापार) प्रतवारीत मोठ्या मालापासून वेगळा काढलेला, आकाराने लहान पण पक्का कांदा, तसा माल. “गोल्टी बाजूला टाक, मोठ्यात जाऊ देऊ नको.”’

व्युत्पत्तीची जागा रिकामी ठेवली आहे. ‘गोल’वरून ओढून आणायचा मोह झाला होता, पण मधल्या रूपांचा पुरावा हाती नसताना सुंदर दिसणारी व्युत्पत्ती छापली की पुढची पन्नास वर्षं सगळे तीच उतरवतात.

त्या नोंदीतला कंस पाहिलात का? तुमचा आक्षेप त्या कंसात मिटतो, पण तुम्ही बहुधा तो वाचलाच नाहीत. कोशात घेतलं म्हणजे प्रमाण मराठी ठरवलं, हे तुम्ही गृहीत धरलं आहे, मी कुठेही म्हटलेलं नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. तो कपाटात असेल तर उघडा. (व.), (गो.), (राजा.) अशा खुणा जागोजाग दिसतील : वऱ्हाडी, गोमंतकी, राजापुरी. त्या शब्दांना कोणी पुण्यात आणून बसवलं नाही, पण बाहेरही ठेवलं नाही. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यात शेतावरचे, बाजारातले आणि धंद्यांतले शब्द भरभरून आहेत. दोन तालुक्यांचा शब्द असेल तर दोन तालुक्यांचा म्हणून नोंदवायचा. हे मराठी कोशांत नवं नाही, आणि ते मला परवानगी मागून करायचं नाही.

‘ठरवलं कोणी’ याचं उत्तर एवढंच आहे : ज्यांना तो शब्द लागतो त्यांनी. चिठ्ठ्या पुरेशा झाल्या का, हे मी ठरवतो आणि ते चुकलं तर जबाबदारी माझी. पण माझ्या आवडीला तिथे जागा नाही. कांद्याचे भाव चढले होते त्या एका आठवड्यात मथळ्यांतून ‘कांदाबाणी’ असा शब्द मला दिसला. मला तो फार आवडला. ‘आणीबाणी’शी जुळणारा, चटकन कळणारा, कोणीतरी हुशारीने केलेला. तीन चिठ्ठ्या झाल्या, तिन्ही मथळ्यांच्या. पुढे भाव उतरले आणि शब्दही गेला. कोणाच्या बोलण्यात तो मी एकदाही ऐकला नाही. तो अजून पेटीत आहे, कोशात नाही. ‘गोल्टी’ मात्र भाव चढोत की पडोत, रोजच्या लिलावात लागते, कारण तिच्याशिवाय त्या मालाचा वेगळा भाव बोलता येत नाही.

तुम्ही हा शब्द ऐकला नाहीत, हे मला मान्य आहे. पण ‘मी ऐकला नाही’ याची चिठ्ठी होत नाही. तिच्यावर वाक्यच नसतं. कॉलेज रोडपासून पिंपळगावचा बाजार तीसेक किलोमीटर आहे. चाळीस वर्षांत एखाद्या सकाळी लिलाव पाहायला गेला असतात, तर हे सगळं मला इथे लिहावं लागलं नसतं. साहित्याचं म्हणाल तर कांदा निवडणाऱ्या बाईने कादंबरी लिहीपर्यंत तिच्या शब्दांनी थांबावं, हे मला पटत नाही. ‘सेल्फी’वर कधीतरी वेगळं लिहीन, त्याचा इथे संबंध नाही.

‘गोल्टी’चा याहून वेगळा अर्थ तुम्हाला कुठे सापडला, दुसऱ्या एखाद्या पिकात, दुसऱ्या जिल्ह्यात, तर जरूर कळवा. वाक्य, ठिकाण, तारीख आणि बोलणारा कोणत्या कामातला, एवढं असू द्या. अठरावी चिठ्ठी म्हणून मी ती लावेन, आणि तिच्यामुळे नोंद बदलावी लागली तर बदलेन, जशी मावशींमुळे बदलली.

पिंपळगावची चूक तुम्ही दाखवलीत, मी दुरुस्त केली. आता तुमच्या प्रतिक्रियेतला ‘अडाणी’ तुम्ही काढा. प्रतिक्रिया बदलायची सोय तिथे खालीच आहे.