निळा अधिक पिवळा: स्फटिकरचना असूनही दावा का कोसळतो

“मागच्या लेखातला तुमचा सूर मला पटला नाही. एकस्फटिक क्ष-किरण रचना हातात आहे, आर-फॅक्टर चांगला आहे, कार्बन-हायड्रोजनचं विश्लेषण ०.४ टक्क्यांच्या आत बसतंय, फॉस्फरस एनएमआर स्वच्छ आहे. एवढं असताना आणखी पुरावे मागणं म्हणजे नुसती खोड काढणं. अणू कुठे आहेत हे डोळ्यांनी दिसत असताना शंका कसली?”

नमस्कार. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत म्हणून उत्तरही नेमकं द्यायचा प्रयत्न करतो. तुम्ही मोजलेले चारही पुरावे ज्यात व्यवस्थित बसतात आणि तरीही दावा चुकीचा ठरतो, असं एक उदाहरण रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे. माझं सगळं म्हणणं त्यातूनच मांडता येईल.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ चॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मॉलिब्डेनमच्या ऑक्सो-संयुगांबद्दल एक विलक्षण निरीक्षण मांडलं. मॉलिब्डेनमभोवती एक ऑक्सिजन, दोन क्लोरिन आणि फॉस्फरसमार्फत जोडलेले तीन फॉस्फीन रेणू, अशी घडण. त्यातलं एक संयुग निळं, दुसरं हिरवं. दोन्हींतली फॉस्फीन थोडी वेगळी होती, पण स्फटिकरचना केल्या तर मॉलिब्डेनमभोवतीची मांडणी सारखीच, ठळक फरक मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बंधाच्या लांबीत. निळ्यात ती सुमारे १.६८ अँगस्ट्रॉम, हिरव्यात सुमारे १.८०. एकाच घडणीचे दोन रेणू केवळ एक बंध ताणला गेल्यामुळे वेगळे आणि दोन्ही बाटलीत भरून ठेवता येण्याइतके स्थिर, असा याचा अर्थ झाला. सिद्धांतवाल्यांनीही हा प्रश्न मनापासून घेतला. १९८८ मध्ये रोआल्ड हॉफमन यांच्यासह काही जणांनी असे दोन रेणू का संभवतात याचं ऑर्बिटलच्या भाषेत स्पष्टीकरणही दिलं.

मग १९९१ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातले जेरार्ड पार्किन, सहकारी यून आणि स्फटिकतज्ज्ञ आर्नल्ड राइनगोल्ड यांनी MoOCl2(PMe2Ph)3 हे संयुग पुन्हा तपासलं. हिरवं असं स्वतंत्र संयुग नव्हतंच. निळ्या ऑक्सो-संयुगात MoCl3(PMe2Ph)3 हे पिवळं संयुग थोडंसं मिसळलेलं होतं. निळा अधिक पिवळा, म्हणून हिरवा. दोन्ही रेणूंचा आकार इतका मिळताजुळता की ते एकाच स्फटिकात शेजारी-शेजारी बसतात. काही रेणूंमध्ये ज्या जागी ऑक्सिजन आहे, त्याच दिशेला इतर काही रेणूंमध्ये क्लोरिन असतो.

आता तुमच्या “डोळ्यांनी दिसतं” या मुद्द्याकडे येतो. क्ष-किरण विवर्तनात आपल्याला एक रेणू दिसत नाही. स्फटिकातल्या अब्जावधी रेणूंची सरासरी इलेक्ट्रॉन-घनता मिळते आणि त्या घनतेत अणू आपण बसवतो. “इथे एकच ऑक्सिजन आहे” असं आपण मॉडेलमध्ये लिहिलं, तर प्रोग्रॅम तिथल्या सगळ्या घनतेला जमेल तसा एकच ऑक्सिजन जुळवतो. मॉलिब्डेनम-क्लोरिन बंध सुमारे २.४ अँगस्ट्रॉमचा असतो आणि क्लोरिनचे इलेक्ट्रॉन सतरा, ऑक्सिजनचे आठ. त्यामुळे थोडा क्लोरिनही ऑक्सिजनची गणिती जागा बाहेर ओढतो.

किती थोडा? एक ढोबळ हिशेब करू. मॉडेल डेटाशी जुळवून घेण्याची खरी प्रक्रिया, म्हणजे रिफाइनमेंट, अशी साधी सरासरी काढत नाही, पण अंदाजापुरती ती चालेल. १.६८ पासून २.४० पर्यंतचं अंतर ०.७२. बंध १.८० दिसायचा असेल, तर जागा ०.१२ ने, म्हणजे त्या अंतराच्या एक षष्ठांशाने सरकायला हवी. इलेक्ट्रॉनच्या वजनाने सरासरी धरली, तर त्यासाठी सुमारे नऊ टक्के रेणू पिवळे असले की पुरे. त्या नऊ टक्के क्लोरिनचा घनतेतला वाटा जेमतेम दीड इलेक्ट्रॉन. तोही मॉलिब्डेनमसारख्या जड अणूच्या जवळ, जिथे घनतेच्या नकाशात तशाही लाटा उठलेल्या असतात. आर-फॅक्टरवर त्याचा ठसा नगण्य. चांगला आर-फॅक्टर हे मॉडेल एकूण डेटाशी जुळतंय एवढंच सांगतो, एका बंधाची लांबी खरी आहे याची हमी तो देत नाही. पार्किन यांच्या गटाने पिवळ्याचं प्रमाण बदलत स्फटिक वाढवले, तेव्हा हा “बंध” हव्या तेवढ्या लांबीचा करता येतो हे उघड झालं.

मूलद्रव्य-विश्लेषणाचं बघू. शुद्ध निळ्यात कार्बन ४८.२६ टक्के आणि हायड्रोजन ५.५७ टक्के यायला हवा. नऊ टक्के पिवळा मिसळला, तर कार्बन ४८.१२ आणि हायड्रोजन ५.५५. म्हणजे ०.४ च्या मर्यादेत अगदी आरामात. वीस टक्के मिसळला तरी कार्बन ४७.९५ च्या आसपास येतो आणि नमुना पास होतो. याचं कारण सरळ आहे. दोन्ही संयुगांत कार्बन आणि हायड्रोजन केवळ फॉस्फीनमधून येतात आणि फॉस्फीन दोन्हीकडे तीनच आहेत. ज्या बाबतीत दोन रेणू वेगळे नाहीत तीच बाब आपण मोजली आणि जुळली म्हणून समाधान मानलं.

त्याच नमुन्यात क्लोरिन मोजा. शुद्ध निळ्यात ११.८७ टक्के, नऊ टक्के मिसळीत सुमारे १२.३७, वीस टक्क्यांत जवळजवळ १३. इथे भेसळ बाहेर पडते. नऊ टक्क्यांचा फरक जेमतेम अर्धा टक्का आहे, हे मान्य. ०.४ टक्क्यांच्या नियमावर मी आंधळा विश्वास ठेवतो असंही नाही: २०२२ मध्ये शुद्ध संयुगांचे तेच नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवून केलेल्या आंतरराष्ट्रीय तपासणीत काही निकाल या मर्यादेबाहेर आले होते. म्हणून एका आकड्यावर मी कुणाला दोषी धरणार नाही. पण वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या नमुन्यांत क्लोरिन दर वेळी जास्तच येत असेल, आणि जास्त हिरव्या नमुन्यात जास्त येत असेल, तर ती मोजमापातली चूक म्हणून सोडून देता येणार नाही.

फॉस्फरस एनएमआरच्या स्वच्छतेने तर मला सर्वात कमी दिलासा मिळतो. निळ्यातला मॉलिब्डेनम चार-धन अवस्थेत आहे आणि त्याचे दोन इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, म्हणून तो डायमॅग्नेटिक आणि त्याचा वर्णपट देखणा येतो. पिवळ्यातला मॉलिब्डेनम तीन-धन, तीन सुटे इलेक्ट्रॉन असलेला. त्याला थेट जोडलेल्या फॉस्फरसचा संकेत इतका पसरतो की पायाच्या रेषेत विरून जातो. म्हणजे भेसळ असली काय, नसली काय, वर्णपट तितकाच स्वच्छ दिसतो. जो वर्णपट भेसळ दाखवूच शकत नाही, त्याच्या स्वच्छतेवरून शुद्धतेबद्दल काही म्हणता येत नाही. हायड्रोजन एनएमआर उपयोगी पडतो, पण नेहमीच्या ० ते १० पीपीएमच्या चौकटीबाहेर, दोन्ही बाजूंना बरंच लांब जाऊन रुंद संकेत शोधले तर. शोधनिबंधांच्या पुरवणीत वर्णपट बहुतेक वेळा नेमका त्या चौकटीतच कापून दिलेला असतो, आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो.

या ठिकाणी मी मागितली असती ती चाचणी साधी आणि स्वस्त आहे: चुंबकीय मोजमाप. एव्हान्स पद्धतीने एनएमआर नळीतच ते होतं. शुद्ध निळ्याचा चुंबकीय आघूर्ण शून्य यायला हवा. तीन सुट्या इलेक्ट्रॉनचा पिवळा ३.८७ बोर मॅग्नेटॉन देतो. मिश्रणात आघूर्णाचा वर्ग प्रमाणात बेरजेला येतो, म्हणून नऊ टक्के भेसळीलाही वरवर पाहता सुमारे १.१६ इतका आघूर्ण दिसेल. शून्याच्या जागी १.१६. कार्बनच्या आकड्यात जी भेसळ ०.१४ टक्क्यांत लपली होती, ती इथे लपून राहूच शकत नाही.

पावडर विवर्तनानेही इथे मदत झाली नसती, हे सांगायला हवं, कारण “निवडलेला स्फटिक आणि उरलेली पूड एकच आहे ना” ही माझी नेहमीची मागणी असते. ती मागणी इतरत्र योग्यच आहे. पण दोन रेणू एकाच जाळीत मिसळून बसलेले असतील, तर पुडीचा नकाशा स्फटिकाशी हुबेहूब जुळेल आणि तरीही दोन्ही अशुद्धच असतील. पुनःस्फटिकीकरणावरही याच कारणाने फार भिस्त ठेवता येत नाही.

तुमच्या म्हणण्यातला जो भाग मला पूर्ण मान्य आहे तोही सांगतो. दावा जर “कोणता अणू कुणाला जोडलेला आहे” एवढाच असता, तर त्या हिरव्या स्फटिकाची रचना पुरेशी होती. मॉलिब्डेनमला तीन फॉस्फीन जोडलेली आहेत, त्यांची मांडणी अमुक आहे, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. अशा दाव्याला मी चुंबकीय मोजमाप मागितलं असतं, तर ती खोडच ठरली असती. इथे मात्र पूर्ण दावा एका बंधाच्या ०.१२ अँगस्ट्रॉमवर उभा होता. आणि तो बंध खरोखरच तेवढा ताणला गेला असता, तर इन्फ्रारेडमधली मॉलिब्डेनम-ऑक्सिजनची कंपनसंख्या चांगलीच खाली यायला हवी होती. ती फारशी हललीच नव्हती. ही विसंगती आधीपासून नोंदींमध्ये होती, पण रचना हाती आल्यावर तिच्याकडे कोण बघणार?

तेव्हा असामान्य बंधलांबीचा निबंध समोर आला की तुम्ही स्वतः करून पाहू शकाल असं एक काम सुचवतो. निबंधासोबतची सीआयएफ फाइल, म्हणजे रचनेच्या आकड्यांची फाइल, उतरवा आणि त्या एका अणूचा थर्मल एलिप्सॉइड, म्हणजे अणूची जागा कुठल्या दिशेने किती पसरली आहे हे दाखवणारा अंडाकार, बघा. दोन जागांची घनता एका अणूवर लादलेली असेल, तर एलिप्सॉइड बहुधा बंधाच्या दिशेने लांबुळका झालेला दिसतो, शेजारचे अणू मात्र नीट गोलसर असतात. फाइलमध्ये परावर्तनांचा मूळ डेटा असेल, तर ऑक्सिजनच्या पलीकडे, धातूपासून २.४ अँगस्ट्रॉमवर एक अर्धवट क्लोरिन ठेवा, दोघांची ऑक्युपन्सी, म्हणजे किती रेणूंत तो अणू आहे तो वाटा, मिळून एक होईल अशी बांधून घ्या आणि रिफाइनमेंट चालवा. ऑक्युपन्सी आणि एलिप्सॉइड एकमेकांत गुंततात, म्हणून सुरुवातीला दोन्ही बंधलांब्या स्थिर ठेवाव्या लागतील. क्लोरिनचा वाटा शून्यावर येऊन थांबला, तर लेखकांचं म्हणणं बळकट होतं, आणि तसं झालं तर मी ते इथे आनंदाने लिहीन. तो पाच-दहा टक्क्यांवर स्थिरावला आणि एलिप्सॉइड गोल झाला, तर पुढचा प्रश्न लेखकांना विचारायचा: क्लोरिनचं विश्लेषण केलं होतं का, आणि किती आलं?