एका घोटाला एक डबी, आणि वर म्हणे रिसायकल करा!

मध्यंतरी एकदा कचऱ्याची पिशवी बांधायला गेलो तर खालून कॉफीचं काळं पाणी टपटपलं आणि डोकंच फिरलं. आमचं कॉफी मशीन कॅप्सूलवालं, म्हणजे दर कपाला कॉफी भरलेली एक बंद डबी. आम्ही दोघं, दिवसाला दोन-दोन कप, म्हणजे आठवड्याला 28 कॅप्सूल. आत कॉफी किती, तर जेमतेम 5-6 ग्रॅम! तेवढ्यासाठी अॅल्युमिनियमची डबी, झाकण, वरून खोका. आणि त्यावर हिरवा बाण छापलाय. अरे पण आत ओला चोथा भरलेला असतो त्याचं काय? शिवाय डबी एवढीशी की कचरा वेगळा करणाऱ्या मशीनच्या चाळणीतून सरळ खाली पडते. कंपनीकडे वेगळी गोळा करून परत पाठवली तर ठीक, नाहीतर तो बाण नुसता शोभेला.

म्हणून वैतागून स्टीलचा रिफिल पॉड घेतला, म्हणजे आपणच पावडर भरून परत परत वापरायची डबी. सोबतच्या कागदावर काय लिहिलंय? "कोणतीही कॉफी पावडर भरा." कोणतीही!! डब्यातली फिल्टरची जाडसर पावडर भरली, आठ सेकंदात सगळं पाणी धाडकन खाली, चव आंबट आणि पाणचट. मग चिडून पिठासारखी बारीक दळली, अंगठ्याने गच्च दाबली, तर पंप कण्हायला लागला, थेंब थेंब कडूजहर कॉफी आणि बाकी पाणी बाजूने ट्रेमध्ये. मला वाटलं मशीनच गेलं.

चार दिवस डोकेफोड केल्यावर कळलं की सगळा खेळ दळण्याचा आहे. बारीक मिठापेक्षा जरा बारीक, पण पीठ नाही. साडेपाच ग्रॅम, वरून सपाट करून हलकंच दाबायचं, कडेवर एक कण राहू द्यायचा नाही कारण कण अडकला की झाकण नीट बसत नाही आणि पाणी बाजूने पळतं. आधी रिकामा पॉड घालून एकदा नुसतं गरम पाणी सोडायचं, नाहीतर थंड स्टील उष्णता खाऊन टाकतं. 25 सेकंदात 40 मिली आली की समजायचं जमलं.

आणि चव? फेस कॅप्सूलपेक्षा पातळ येतो, खोटं कशाला बोलू. पण दळल्या दळल्या भरली की कप नाकाजवळ नेण्याआधीच वास येतो, आणि घोट गिळल्यावरही गोडसर चव जिभेवर राहते. तीच बी रात्री दळून ठेवली आणि सकाळी भरली तर तो वास निम्मा गायब, मीच दोन्ही करून बघितलंय. हां, मोठ्या कपाचं बटण मात्र दाबू नका, एवढ्याशा पावडरीतून 110 मिली काढलं की शेवटी नुसता कडवट काढा येतो.

हे चार ओळींत कागदावर छापायला काय जात होतं यांचं? आणि आता झाकणाची सिलिकॉन रिंग सैल झालीय, पाणी परत बाजूने गळतंय, आणि सुटी रिंग मिळत नाही म्हणे, नवीन पॉड घ्या!