दडप्या पोह्यांतलं खोबरं मोजायचं की नाही?

"दडपे पोहे शिजवत नाहीत, फोडणीला तेलही चमचाभरच. म्हणजे फॅट नाहीच. दाणे घातले की प्रोटीनचा नाश्ता. फक्त साखर टाळा."

तेल कमी असतं, पण खोबरं विसरू नका. आमच्या रत्नागिरीकडे एका माणसाच्या 50 ग्रॅम पातळ पोह्यांत मूठभर ओलं खोबरं सहज पडतं. मी ते काट्यावर ठेवलं तर 40 ग्रॅम भरलं. त्यात सुमारे 13 ग्रॅम फॅट आणि 140 कॅलरी, प्रोटीन मात्र जेमतेम सव्वा ग्रॅम. नुसत्या पोह्यांच्या साधारण 175 कॅलरी, म्हणजे खोबरं त्यांच्या जवळपास पोचतं.

दाण्यांचं म्हणणं अर्धं खरं. 15 ग्रॅम दाणे 4 ग्रॅम प्रोटीन देतात, पण 7 ग्रॅम फॅटही. सगळं धरून ताटलीत प्रोटीन 9 ग्रॅमच्या आसपास, फॅट 25. याला प्रोटीनचा नाश्ता म्हणणं मला पटत नाही. चमचाभर साखरेच्या 20 कॅलरी. मधुमेह नसेल तर चवीपुरती राहू द्या. खोबरं निम्मं केलंत तर 70 वाचतात. उपम्यावर भुरभुरवलेल्या चमचाभर खोबऱ्याला मात्र हा हिशेब लावू नका.