क्रोशाच्या फुलांबद्दलच्या अभिप्रायास उत्तर

“कुर्तीच्या नव्या सुती कापडावर लावण्यासाठी पाच पाकळ्यांची फुले मागवली होती. कापड रिंगमध्ये घट्ट ताणून प्रत्येक पाकळीचे टोक शिवले, तरी पहिल्याच धुण्यात सगळी फुले मधोमध फुगली. दोरा हलका आहे, पैसे वाया गेले.”

सस्नेह नमस्कार. आपली नाराजी समजण्यासारखी आहे, परंतु आपण जोडलेल्या छायाचित्रावरून दोष दोऱ्याचा वाटत नाही. दोरा आटला असता तर फूल ताणलेले दिसले असते आणि भोवतालच्या कापडाला चुण्या पडल्या असत्या. इथे कापड सपाट आहे, पाकळ्यांची टोके जागच्या जागी शिवलेली आहेत आणि फक्त फुलाचा मधला भाग वर उचलला गेला आहे; म्हणजेच फुलाखालचे कापड आखडले आहे. रिंगमधले ताणलेले कापड सोडल्यावर थोडे मागे येते, आणि न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात आणखी आटते. आमची फुले धुऊन, टाचण्या लावून सपाट वाळवलेली असल्यामुळे ती त्याबरोबर आटत नाहीत.

फुलाची वीणही इथे लक्षात घ्यावी लागते. मधल्या वर्तुळात १० मुके खांब आहेत आणि त्यांवर ३ साखळ्यांच्या ५ कमानी आहेत. प्रत्येक कमानीत मुका खांब, अर्धा खांब, ३ पूर्ण खांब, पुन्हा अर्धा आणि मुका खांब असा क्रम येतो. टाक्यांची उंची अशी चढत जाऊन उतरत असल्यामुळेच पाकळीला गोलाई येते. (टोकदार पाकळी हवी असल्यास मधला खांब दोन वेढ्यांचा, लांब घेतात.) कमानीत खांब कमी पडले तर फूल वाटीसारखे वळते, जास्त झाले तर कडेला चुण्या पडतात. मात्र हे दोन्ही दोष फूल शिवण्यापूर्वी, टेबलावर ठेवल्यावरच दिसतात.

म्हणून कृपया एक फूल कुर्तीवरून उसवून, ओले करून, टाचण्यांनी सपाट वाळवून पाहावे. ते सपाट राहिले, तर सर्व फुले त्याच जागी पुन्हा लावता येतील, कारण कुर्ती आता धुतलेलीच आहे. या वेळी रिंग वापरू नये. कापड टेबलावर सैल पसरावे, आधी मधले वर्तुळ टाचावे, मग शिवणाचा एकेरी दोरा घेऊन कडेच्या टाक्यांचा फक्त मागचा धागा उचलत पाकळीचे टोक आणि दोन पाकळ्यांमधली खाच पक्की करावी. टाका ओढून घट्ट करू नये, कारण दोरा ओढला की कडेखालचे कापड गोळा होते. नुसती टोके शिवली तर खाचा मोकळ्या राहतात आणि धुताना पाकळ्यांच्या बाजू वळतात, हा मुद्दा आपल्या बाबतीतही थोडा लागू आहे.

उसवलेले फूल टेबलावर सपाट राहिले नाही, तर ते आमच्याकडे पाठवावे. संपूर्ण संच बदलून देऊ आणि टपालखर्चही आम्हीच देऊ.