अर्धा इंच नावाची अफवा

शाळेच्या पुस्तकातला नळ आठवतो का? त्याचा व्यास कायम ७ किंवा १४ सेंटिमीटर असायचा, म्हणजे बावीस सप्तमांश सुखासुखी कटावा. त्यातून पाणी ताशी ६ किलोमीटर वेगानं यायचं, न थांबता, न गढुळता. आज हिशोब करून बघितला तर असा ७ सेंटिमीटरचा नळ मिनिटाला ३८५ लिटर ओततो. तो आपल्या गच्चीवर आणला तर ५०० लिटरची टाकी सव्वा मिनिटाच्या जरा पुढे भरेल, आणि त्यानंतर जिनाही भरेल. पुस्तक लिहिणाऱ्यांकडे पाण्याची काय चैन असेल!

आपल्याकडे चैन नाही, अर्ध्या इंची कनेक्शन आहे. पाणी सकाळी एक तास. टाकी ५०० लिटरची. प्रश्न एवढाच की त्या तासात टाकी भरते का. मुलांना परीक्षेत हा प्रश्न तीन मार्कांना येतो, आपल्याला रोज येतो, आणि उत्तर चुकलं की आंघोळीचा क्रम बदलतो.

रीत तीच जुनी. पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग, म्हणजे दर सेकंदाला येणारं पाणी. टाकीला त्यानं भागलं की वेळ. घरगुती वापरासाठी मी याला एक सोपं रूप देऊन ठेवलं आहे: आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, २१ ने भागा, आणि सेकंदाला जितके मीटर वेग असेल त्यानं गुणा. मिनिटाला किती लिटर ते निघतं. खरा भाजक २१.२ आहे, पण ज्या गणितात शेजारणीची पाण्याची मोटर हा एक घटक आहे तिथे दशांश चिन्ह दाखवणं म्हणजे मिजास झाली.

आता व्यास घाला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, असं म्हणून जो पुढे जातो तो पहिल्याच पायरीवर घसरतो. कारण बाजारातला ‘अर्धा इंच’ हे माप नाही, ते नाव आहे. जसं बाळासाहेब नावाचा माणूस साठ वर्षांचा असू शकतो. अर्ध्या इंची मध्यम जाडीचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप घेतला तर त्याचं आतलं भोक १६ मिलिमीटरच्या आसपास निघतं. आणि त्याच नावाचा, पिवळसर पांढरा प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाइप घेतला तर बाहेरून तो १५.९ आणि आतून जेमतेम १२.४ मिलिमीटर. म्हणजे एका अर्ध्या इंचाच्या पोटात दुसरा अर्धा इंच, घासून का होईना, जाऊन बसेल! दुकानदार मात्र दोन्ही एकाच आवाजात, ‘अर्ध्याचा ना?’ असं विचारून देतो.

फरक साडेतीन मिलिमीटरचा, पण गणितात व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे तो नीट चावतो. वेग सेकंदाला १ मीटर धरू. सीपीव्हीसीचं १२.४ चा वर्ग सुमारे १५४, एकदाच मिजास करून भागिले २१.२, म्हणजे मिनिटाला सव्वासात लिटर. जीआयचं १६ चा वर्ग २५६, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पहिल्यात टाकीला ६९ मिनिटं लागतात, दुसऱ्यात ४१-४२. पाणी ६० मिनिटं. एकाच नावाच्या दोन पाइपांमध्ये एकाची टाकी भरून वाहते आणि दुसऱ्याची ६५ लिटरनं उपाशी राहते.

पण जीआयवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. त्यांच्या पाइपात वर्षानुवर्षं गंज आणि क्षार जमतात. आतून सगळीकडून २ मिलिमीटरचा थर बसला की १६ चे १२ होतात, आणि ते गुपचूप सीपीव्हीसीवाल्यांच्या पंक्तीला येऊन बसतात. शिवाय गंजाचा खडबडीतपणा वेगही खातो. जुना पाइप कापल्यावर जो तुकडा हातात येतो त्याच्या आत डोकावून पाहा. आपल्या घरात पाणी आलं कसं याचंच नवल वाटतं.

इथे प्लंबर प्रवेश करतो. त्याच्याकडे एकच औषध असतं. “काका, एक इंची टाकून देतो. भडाभडा येईल.” आणि भिंतीवरची शेवटची तीन मीटर लाइन एक इंचाची होते. व्यास दुप्पट म्हणजे पाणी चौपट, हे गणित त्यालाही पाठ आहे आणि आपल्यालाही. फक्त त्यातलं ‘वेग तोच राहिला तर’ हे शेपूट दोघेही विसरतात. वेग तोच राहत नाही. मागच्या अर्ध्या इंचातून मिनिटाला सव्वासात लिटरच येतात, तेच पुढच्या रुंद पाइपात शिरतात. एक इंची सीपीव्हीसीचं आतलं भोक २३.४ मिलिमीटर, त्यामुळे तिथे वेग सेकंदाला १ मीटरवरून २८ सेंटिमीटरवर येतो. पाणी ऐसपैस झालं, जास्त झालं नाही. अरुंद बोळातून बाहेर पडलेली वरात मोठ्या रस्त्यावर आली म्हणून वऱ्हाडी वाढत नाहीत. टाकी ६९ मिनिटांची एखाद-दोन मिनिटं कमी करेल, प्लंबर बिलात एक रुपया कमी करणार नाही.

प्लंबर अगदीच चूक असतो असंही नाही. अरुंद पाइपात पाणी भिंतींना घासत येतं आणि दाब खर्च होतो. आपल्या १२.४ मिलिमीटरच्या पाइपात १ मीटर वेगानं पाणी जाताना दर १० मीटर लांबीला साधारण १ मीटर उंचीइतका दाब नुसता घासण्यात जातो. एल्बो आणि व्हॉल्व्ह यांचा हप्ता वेगळा. फाटकापासून गच्चीपर्यंत ४० मीटरची लाइन असेल तर चार मीटर उंचीचा दाब वाटेतच संपला. ही सगळी लाइन, सगळी बरं का, पाऊण इंचाची केली तर तेवढ्याच पाण्याला घासण्याचा खर्च सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतो, आणि वाचलेला दाब पाण्याचा वेग वाढवतो. म्हणजे लांब पाइप बदलण्यात अर्थ आहे, टोकाचा तुकडा बदलण्यात नाही. आणि मुख्य लाइनवरचं फेरूल, म्हणजे जिथून तुमची लाइन फुटते ते तोंड, बारीकच असेल तर तुमच्या पाऊण इंचाला तिथेच वेसण बसलेली असते.

आता वेग. व्यास निदान दुकानात मोजता येतो, वेग मात्र जागेवरच पकडावा लागतो. बहुतेक लोक खाली, मीटरजवळच्या नळाला बादली लावतात आणि खूश होतात. टाकी खाली नसते हो! १० मीटर उंची चढायला पाण्याला साधारण एक किलो प्रेशर लागतं. रस्त्यावरचा दाब १२ मीटर चढण्याइतका असेल तर खालच्या नळाला तो बाराच्या बारा मीटर मिळतो, दहा मीटरवरच्या टाकीच्या तोंडाशी दोनच उरतात. वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, त्यामुळे तो एक षष्ठांश होत नाही, ठोकळमानानं दोन पंचमांश होतो. एवढी दया निसर्गानं दाखवली आहे. तरीही खाली १ मीटरचा वेग वर ४० सेंटिमीटर होतो आणि ६९ मिनिटांची टाकी पावणेतीन तासांवर जाते. चावीवाला तोवर तीन गल्ल्या पुढे गेलेला असतो.

म्हणून मोजायचं ते वर, टाकीच्या तोंडाशी. बादलीची रीत चांगली आहे, पण २० लिटरची म्हणून घेतलेली बादली काठोकाठ भरल्यावर २० ची असते आणि काठोकाठ भरलेली बादली कोणी उचलत नाही. लिटरच्या बाटलीनं आधी १५ लिटर मोजून आत खूण करा, मग घड्याळ लावा. सव्वासात लिटरच्या धारेला १५ लिटरला दोन मिनिटं चार सेकंद लागतात.

बादली वर न्यायचा कंटाळा असेल तर पट्टी पुरते. पाइपचं तोंड आडवं, सपाट धरायचं आणि धार मोकळी सोडायची. पाणी पुढे कितीही वेगानं जावो, खाली पडताना ते सगळ्यांसारखंच पडतं, आणि ३१ सेंटिमीटर पडायला त्याला पाव सेकंद लागतो. तेव्हा तोंडाच्या मध्यापासून बरोबर ३१ सेंटिमीटर खाली, धार तोंडापासून किती पुढे पोचली ते मोजा आणि त्याची चौपट करा. २५ सेंटिमीटर पुढे गेली तर वेग सेकंदाला १ मीटर. १० सेंटिमीटरवर पडली तर ४० सेंटिमीटर, आणि आंघोळ आज मुलांनी संध्याकाळी करावी. दोन पथ्यं आहेत. पाइप पूर्ण भरून वाहत असला पाहिजे, अर्ध्या पोटी वाहणाऱ्या पाइपाला व्यासाचं गणित लागू नाही. आणि टोकाला अडॅप्टर किंवा नोझल असेल तर धारेचा वेग त्या तोंडाचा असतो, तेव्हा व्यासही त्या तोंडाचाच घ्यायचा, मागच्या पाइपाचा नव्हे. पहिली दहा मिनिटं मोजू नका, तेव्हा लाइनीतली हवा फुसफुसत असते. सगळ्यांच्या मोटरी लागल्यावर जी धार उरते ती खरी.

एवढं करून ६९ आलं तरी टाकी ६९ मिनिटांत भरत नाही, कारण शेवटी बॉलकॉक बसलेला आहे. हा गृहस्थ पाणी वर येऊ लागलं की एकदम बंद होत नाही, हळूहळू आखडता हात घेतो. उभ्या टाकीचा व्यास ९० सेंटिमीटर धरला तर वरच्या १० सेंटिमीटरमध्ये ६४ लिटर मावतात, आणि तेवढ्यात धार सरासरी निम्मी झाली तर नऊ मिनिटांचं काम अठरावर जातं. हिशोब ७८ मिनिटांचा झाला. खाली कोणी तेवढ्यात भांडी घासायला घेतली तर तो हिशोब वेगळ्या वहीत.

पट्टीची मोजणी करायची तर बॉलकॉक आधी काढून ठेवावा लागतो, नाहीतर धार मोकळी पडत नाही. मोजून झाल्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून तो आठवणीनं परत बसवा. राहून गेला तर टाकी नेमकी किती वाजता भरली हे खालच्या मजल्यावरचे काका स्वतः गच्चीवर येऊन सांगतील, मिनिटासकट.