केळवणाला काय द्यावं?

माझ्या मैत्रिणीचं मागच्या वर्षी लग्न झालं. तिचं पहिलंच, नवऱ्याचं दुसरं. त्याची पहिली बायको आजारपणात गेली होती आणि नऊ वर्षांची मुलगी होती. केळवण माझ्याकडे होतं, म्हणून काय द्यायचं यावर मी बरेच दिवस विचार केला.

आधी पितळेचा मिसळणाचा डबा पसंत केला होता. नव्या संसाराला शोभेल असा. पैसे देताना लक्षात आलं, त्या घरात मिसळणाचा डबा आहेच. त्या मुलीच्या आईचा. नवा डबा ओट्यावर आला की जुना माळ्यावर जाणार, आणि मुलीला ते पहिल्याच दिवशी दिसणार. मी डबा परत ठेवला. त्या घरात आधीपासून असलेल्या कुठल्याही वस्तूची जागा घेईल असं काही द्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

केळवणाला एकीने तीन फोटोंची फ्रेम आणली होती, आई, बाबा आणि मी अशी. मन चांगलंच होतं तिचं. पण त्या घरात दिवाणखान्यात आईचा हार घातलेला फोटो आहे. या फ्रेममधल्या ‘आई’च्या जागी कुणाचा फोटो लावायचा? नवी बाई आवडायला लागली तर आपण आईला विसरतोय, असं त्या वयाच्या मुलांना वाटू शकतं. अशा मुलीसमोर ती फ्रेम ठेवली की तिला उत्तर द्यावंच लागतं. माझ्या मैत्रिणीने ती कपाटात ठेवली. ‘मायलेकी’ छापलेले कप आणि एकाच कापडाचे दोघींचे ड्रेस यांचीही गत तीच. नातं जुळायच्या आधीच ते जुळल्याचं जाहीर होतं.

मी शेवटी गोधडी दिली. मैत्रिणीच्या आईकडून तिच्याच तीन जुन्या सुती साड्या गुपचूप मागवल्या आणि आमच्या ओळखीच्या मावशींकडून धावदोरा घालून घेतल्या. मुद्दाम एकटीपुरती. सगळं दुसऱ्याने मांडलेल्या घरात तिची म्हणून एक तरी वस्तू हवी होती. सोबतच्या चिठ्ठीत ‘आई’ हा शब्द लिहिला नाही, ‘तू सगळं निभावशील’ हेही नाही. ओटी भरताना बायका ते सांगतातच, आणि ते ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे.

मुलीसाठी काहीच घेतलं नाही. मैत्रिणीच्या हातून गेलं असतं तर लाच वाटली असती.

खरी भेट तीन महिन्यांनी दिली. तोवर आहेर आवरलेले असतात, चौकशीचे फोन थांबतात आणि घरात अबोला सुरू झालेला असतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मैत्रीण दुपारी माझ्याकडे येते. मी चहा करते. मुलगी कशी आहे, हे मी विचारत नाही. ती सांगते तेव्हा ऐकते. मागच्या वेळी ती दोन तास नुसती झोपली.