गरोदर बाई म्हणते, ‘मी पडलो’

गेल्या महिन्यात एक फाइल आली होती. गरोदर बायकांसाठीच्या एका आरोग्य ॲपची. इंग्रजीवरून मशीनने केलेलं मराठी भाषांतर आधीच भरलेलं होतं, मी फक्त ‘जरा हात फिरवायचा’ होता. आमच्या धंद्यात याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. दर निम्मा आणि डोकं दुप्पट. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी दुपारी पंखा लावून बसले आणि चौथ्याच ओळीला थांबले.

“मी पाच महिन्यांची गरोदर आहे. काल मला चक्कर आली आणि मी पडलो.”

आधी हसले. पुढे वाचत गेले तसं हसू मावळलं. मी दमलो. मी झोपलो नाही. मी गोळी घ्यायला विसरलो. बोटांवर मोजण्याइतकी वाक्यं सोडली तर सगळ्या गरोदर बायका पुरुष होऊन बसल्या होत्या.

हे लिहायचं कारण म्हणजे त्यावर मला मिळालेली दोन उत्तरं. एक मैत्रीण म्हणाली, “मशीनसुद्धा पुरुषप्रधान गं.” आणि ज्यांनी काम दिलं त्यांच्याकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, डेटाच तसा असतो. समाजच तसा आहे, त्याला मॉडेल काय करणार?” पहिलं उत्तर रागाचं आहे, समजू शकते. दुसरं मात्र मला पटेना, आणि का पटत नाही तेही सांगता येईना. माझा भाचा ऐरोलीला याच क्षेत्रात कामाला आहे. त्या रविवारी तो घरी आला तेव्हा त्याला तलावपाळीवर फिरायला नेलं आणि पिळून काढलं. पुढचं बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं आहे, मतं माझी.

आधी मराठीची गंमत लक्षात घ्या. इंग्रजीत ‘I fell’ म्हटलं की बोलणारा कोण ते कळत नाही. मराठीत सांगावंच लागतं: पडलो की पडले. पण नेहमी नाही. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी उद्या येईन’, ‘मला चक्कर आली’ यात बोलणारीचा पत्ता लागत नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलं’ यातही नाही. म्हणून मशीनचा कल शोधायचा तर वाक्यंही तशीच निवडायला हवीत. गेलो-गेले, जातो-जाते, ‘डॉक्टर उशिरा आले’ की ‘आल्या’. मी पाठवलेल्या तक्रारीवर काम देणाऱ्यांच्या तपासणीवाल्यांनी पाच वाक्यं काढून ‘सगळं ठीक आहे’ असं कळवलं होतं. पाचपैकी चार ‘मला’ने सुरू होत होती! तिथे चूक करायला जागाच नव्हती.

मग मशीन ‘पडलो’ कुठून शिकतं? जोड्यांमधून. एका बाजूला इंग्रजी वाक्य, दुसऱ्या बाजूला माणसाने केलेलं मराठी. अशा लाखो जोड्या लागतात, आणि मराठीत त्या आयत्या मिळायच्या जागा मोजक्याच: सरकारी निवेदनं, धार्मिक ग्रंथांची भाषांतरं, सिनेमांची सबटायटल्स. उदाहरणार्थ, 2020 साली संशोधकांनी पंतप्रधानांच्या संकेतस्थळावरच्या मजकुरातून 13 भारतीय भाषांच्या जोड्या तयार केल्या, त्यात मराठीही आहे. प्रत्येक भाषेसाठी जास्तीत जास्त 56 हजार वाक्यं. उत्तम, स्वच्छ काम. पण त्या भाषणांतला ‘मी’ कोण? पदावर पुरुष आहे, म्हणजे ‘मी आलो’, ‘मी भेटलो’. यात कुणाचा कट नाही. फक्त ‘मी पडले’ म्हणणारी बाई त्या मजकुरात कधी पडलीच नाही.

त्यात माझी एक शंका आहे, भाच्याने ती उडवून लावली नाही एवढंच सांगते. आपण बायकासुद्धा अनेकवचनात ‘आम्ही गेलो’ म्हणतो. म्हणजे ‘-लो’ हा शेवट ‘आम्ही’लाही लागतो, बाईपुरुष न बघता. उलट ‘गेले’ हे रूप ‘ते गेले’ या सगळ्या गर्दीत हरवतं. तेव्हा इंग्रजीतला बोलणारा दिसला की ‘-लो’ लाव, ही सवय मशीनला आमच्याही वाक्यांतून लागत असणार.

इथवर ‘डेटाच तसा’ हे उत्तर बरोबर वाटतं. आता खरी मेख.

समजा डेटात ‘मी पड-’ अशी 100 वाक्यं आहेत, 70 ‘पडलो’ आणि 30 ‘पडले’. मशीन काय शिकेल? भाच्याने मोबाइलवर आकडेमोड करून दाखवली. शिकवताना प्रत्येक अंदाजाला दंड असतो. खऱ्या उत्तराला जितकी कमी शक्यता दिली असेल तितका दंड जास्त. मशीन जर म्हणालं की ‘पडलो’ची शक्यता 99 टक्के, तर त्या 30 वाक्यांवर जबरदस्त मार बसतो आणि सरासरी दंड 1.39 होतो. पन्नास-पन्नास म्हटलं तर 0.69. आणि बरोबर 70-30 म्हटलं तर सगळ्यात कमी, 0.61. म्हणजे शिकताना मशीन प्रामाणिक असतं. डेटात 30 बायका होत्या, त्याच्या पोटातही 30 बायका आहेत.

मग बाहेर शून्य का येतात?

कारण उत्तर एकच द्यायचं असतं. आपल्या स्टेशनबाहेरचा रिक्षावाला घ्या. त्याला अनुभवाने माहीत आहे, समजा, की उतरणाऱ्या 100 माणसांपैकी 70 घोडबंदरला जातात आणि 30 लोकमान्यनगरला. तुम्ही तोंड उघडायच्या आधी त्याला तुमचं ठिकाण ओळखायचं आहे. त्याने 70 वेळा घोडबंदर आणि 30 वेळा लोकमान्यनगर असं आळीपाळीने म्हटलं तर 100 पैकी सरासरी 58 वेळा बरोबर येईल. डोळे मिटून दर वेळी घोडबंदर म्हटलं तर 70 वेळा. शहाणा रिक्षावाला दर वेळी घोडबंदरच म्हणणार. लोकमान्यनगरची 30 माणसं त्याच्या डोक्यात असतात, पण त्याच्या तोंडून एकदाही निघत नाहीत. मशीनही जास्त शक्यतेचा शब्द उचलतं. वाक्यात बोलणाऱ्याचा काहीच सुगावा नसेल तर 70-30 चं बाहेर येताना 100-0 होतं.

म्हणून ‘समाजच तसा आहे’ हे उत्तर मला पटत नव्हतं. ते हिशेबातच खोटं आहे. समाजात 30 होत्या, डेटात 30 होत्या, मशीनच्या पोटात 30 होत्या. शेवटच्या पायरीवर शून्य झाल्या, आणि ती पायरी माणसांनी बांधली आहे. आरशाने निदान होतं तेवढं तरी दाखवावं!

हे नुसतं मराठीचं दुखणं नाही. चित्रांवर असाच एक गाजलेला अभ्यास 2017 साली झाला. फोटोत कोण काय करतंय हे ओळखणारं मॉडेल. शिकवणीच्या फोटोंत स्वयंपाक करणाऱ्यांपैकी 33 टक्के पुरुष होते, मॉडेलने ओळखले 16 टक्के. इथे आकडा शून्यापर्यंत घसरला नाही, कारण फोटोत माणूस समोर दिसतो. पण गॅस आणि कढई दिसली की तोल बाईकडे जायचा, समोर पुरुष असला तरी. पुरावा अस्पष्ट असेल तिथे कल जास्त ओढतो.

यावरून मी माझ्या फाइलची दोन टोपल्यांत विभागणी केली, आणि हे मला खरंच उपयोगी पडलं. पहिल्या टोपलीत ‘I fell’ सारखी वाक्यं. मशीन एकेक वाक्य सुटं घेत होतं, त्यामुळे ‘गरोदर’ हा शब्द मागच्या वाक्यात राहून जायचा. दोन्ही एका वाक्यात जोडून दिली तर बऱ्याचदा ‘पडले’ यायचं. म्हणजे तिथे आजार पुराव्याच्या अभावाचा. दुसऱ्या टोपलीत ‘मी माझ्या नवऱ्यासोबत दवाखान्यात गेलो’. इथे पुरावा त्याच वाक्यात ढळढळीत बसलेला आहे आणि तरी सवय जिंकली. हा आजार वेगळा आणि जास्त वाईट.

दुसऱ्या आजाराचा एक मासला 2019 च्या अभ्यासात आहे. इंग्रजी वाक्यात डॉक्टर बाई आहे हे ‘her’ वरून स्पष्ट असूनही भाषांतरात ती पुरुष व्हायची. संशोधकांनी तिच्या मागे ‘सुंदर’ असं विशेषण लावून पाहिलं, तर काही भाषांत चुका कमी झाल्या. म्हणजे डॉक्टरकीने पुसलेलं बाईपण सुंदर म्हटल्यावर परत आलं. एक पूर्वग्रह दुसऱ्याने खोडला. हे वाचून मी चहा गार केला.

‘मग डेटा समसमान करा’ असं सगळे म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. पन्नास-पन्नास केलं तर सुगावा नसलेल्या वाक्यात नाणेफेक होते. एकाच बाईच्या तोंडी एका ओळीत ‘मी पडले’ आणि पुढच्या ओळीत ‘मी उठलो’. दुसऱ्या टोपलीतल्या वाक्यांना नक्की फायदा होईल, पहिल्या टोपलीला नाही. तिथे माहितीच हरवलेली आहे, ती कुणीतरी द्यायला हवी. 2018 मध्ये युरोपियन संसदेच्या भाषणांवर काम करणाऱ्यांनी हेच केलं. प्रत्येक वाक्याच्या आधी बोलणाऱ्याची खूण लावून मॉडेल शिकवलं. आपल्या वाक्याला लावली तर अशी दिसेल:

```
FEMALE I felt dizzy and fell.
```

एवढंच. गरोदर बायकांच्या ॲपमध्ये बोलणारी कोण हे विचारायला सर्वेक्षण लागत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी गूगलने तुर्कीवरून इंग्रजी करताना ‘ती’ आणि ‘तो’ अशी दोन्ही उत्तरं दाखवायला सुरुवात केली. माणूस समोर बसून निवडणार असेल तर हे चांगलं आहे. हजारो वाक्यं आपोआप ॲपमध्ये ओतायची असतील तर निवडायला कुणी नसतं.

मी काम देणाऱ्यांना हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं, दोन टोपल्यांसकट. सध्या माझा उपाय गावठी आहे. फाइल उघडली की आधी ‘लो’ शोधते आणि एकेक तपासते. मध्येच ‘किलो’ सापडतात, वजनाच्या रकान्यात बरेच. बाकी सगळ्या बायका मी हाताने परत आणल्या.

परवा त्यांचं उत्तर आलं. मुद्दा पटला म्हणे, आणि ‘सर्वसमावेशक’ बदल केला आहे. लिंक पाठवली होती. उघडून पाहिलं. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात:

“मी पाच महिन्यांचा/ची गरोदर आहे. काल मला चक्कर आली आणि मी पडलो/पडले.”